ओठ आधी, आवाज मागून

माझे बाबा बहिरे नाहीत. हे मी म्हणत नाही, ते म्हणतात. आणि इतक्या मोठ्याने म्हणतात की खालच्या मजल्यावरची बाई खिडकी लावून घेते.

एकतीस वर्षं त्यांनी मागांच्या शेडमध्ये फिटर म्हणून काढली. एका छताखाली दोनशे माग, दोनशे धोटे, इकडून तिकडे आपटणारे. कानात घालायला साधा कापसाचा बोळाही कुणी दिला नाही. निवृत्त होताना हार मात्र घातला. कान काढून घेतले आणि हार दिला, असा तो सौदा. हार घालतानाचा फोटो बाबा अजून भिंतीवर ठेवतात. मी असते तर कधीच फेकून दिला असता.

श्रवणयंत्र आहे. ते कपाटात आहे. लावलं की म्हणे ताटली ठेवली तरी डोक्यात हातोडा पडतो आणि माणूस बोलला तर पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा वाटतो. डॉक्टर म्हणाले, सवय होईल. सवय व्हायला ते काय डॉक्टरांचं डोकं होतं?

तर उरतो टीव्ही. सकाळी साडेआठला लागतो आणि आवाजाचा आकडा बासष्टवर असतो. भिंतीच्या अलीकडे टीव्ही, पलीकडे माझी खाट. मी अतिदक्षता विभागात नर्स आहे. कायमची रात्रपाळी. सकाळी साडेआठला मी घरी येते. म्हणजे मी उशीवर डोकं टेकते आणि बातम्या देणारा माझ्या कवटीच्या आत उभा राहून बोंबलायला लागतो.

दोन वर्षं हे चाललं. माणूस किती सहन करतो याचं मला कौतुक नाही. जो सहन करतो तो एक दिवस दुसऱ्याचा जीव घेतो. त्या सोमवारी मी तेच करणार होते. पेशंटच्या औषधाच्या पंपावर मला एक पॉइंट दोन असा वेग लावायचा होता. मी बारा लावला. पॉइंट दाबलाच नाही. दहापट. सुरू करायचं बटण दाबणार एवढ्यात शेजारची खाट सांभाळणाऱ्या ब्रदरने, म्हणजे पुरुष नर्सने, माझं मनगट धरलं.

"सिस्टर, डोळे उघडे आहेत, पण तुम्ही आहात कुठे?" एवढंच तो म्हणाला.

पेशंटला काही झालं नाही. मी बाथरूममध्ये जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. मग स्वतःच मेट्रन बाईंना जाऊन सांगितलं, कारण लपवणारी माणसं मला आवडत नाहीत आणि त्यांच्यात मला जायचं नव्हतं.

मेट्रन बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "दिवसपाळी सध्या रिकामी नाही. हॉस्पिटलच्या हॉस्टेलवर एक खाट आहे. शनिवारी दुपारपर्यंत सांग. तिथे जा आणि झोप, नाहीतर मी तुला या वॉर्डात उभी करू शकत नाही. मला तू हवी आहेस, पण जागी."

हॉस्टेलवर जायचं म्हणजे बाबांना एकटं टाकायचं. ज्या माणसाला कुकरची शिटी ऐकू येत नाही, दारावरची बेल ऐकू येत नाही, जो गॅसवर दूध ठेवून ते उतू जाताना पाठ करून बसतो, त्याला एकटं. धाकटी आत्या रोज अकरा वाजता दोन गल्ल्या ओलांडून येते, बाबांसोबत मालिका बघते आणि एकला जाते. बाकीचे बावीस तास कोण?

बाबांना मी पंपाचं काही सांगितलं नाही. सांगून काय, ते टीव्ही बंदच करून बसले असते. दिवसभर बंद टीव्हीसमोर बसलेला म्हातारा मला बघवला नसता.

मंगळवारी येताना मी हेडफोन आणले. बिनतारी, कानांवर पूर्ण बसणारे, मऊ गाद्यांचे. बाबांनी घातले आणि आरशात पाहिलं.

"विमान कुठे उतरवायचंय?" ते म्हणाले.

"गप्प बसा हो. आता टीव्ही तुमच्या कानात आणि झोप माझ्या डोळ्यांत."

मी टीव्हीच्या मेनूत शिरले. चित्र, आवाज, चॅनेल, भाषा, घड्याळ. ब्लूटूथ नाही. परत वरपासून खालपर्यंत. नाही. टीव्ही नऊ वर्षांचा. भिंतीएवढा टीव्ही विकणाऱ्यांना त्यात नखाएवढा तुकडा टाकायला जड झालं होतं. हेडफोन मात्र आपले माझ्या फोनला जाऊन चिकटले, आणि मला फोन आला तेव्हा बाबा दचकून उठले, कारण मेट्रन बाई त्यांच्या कानात बोलत होत्या.

दुपारी, झोपेच्या नावाने बोंब, मी मोठ्या चौकातल्या दुकानात गेले. दुकानदार मला म्हणाला, "टीव्ही बदला." मी म्हटलं, "टीव्ही चांगला आहे, सल्ला खराब आहे." मग त्याने कुरकुरत एक डबी काढली. काड्यापेटीहून लहान. "ही टीव्हीला लावायची. टीव्हीचा आवाज घेते, ब्लूटूथने पाठवते. सगळ्या सारख्याच असतात." हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. शुद्ध थाप होती.

घरी आले. डबीची एक वायर टीव्हीच्या हेडफोनच्या भोकात, दुसरी टीव्हीच्या यूएसबीत, वीज घ्यायला. डबीचा दिवा लुकलुकला. हेडफोन शोधतेय, शोधतेय, काही नाही. अर्धा तास. मग माझ्या फोनवर एक नवं नाव आलं आणि मला कळलं. डबीच्या कडेला तिळाएवढं एक बटण होतं, पाठवायचं की घ्यायचं हे ठरवणारं. ते 'घ्यायचं' वर होतं. म्हणजे डबी माझ्या फोनची गाणी ऐकायला कान टवकारून बसली होती, आणि मी तिच्याकडून बोलण्याची अपेक्षा करत होते. बटण सरकवलं. फोनचं ब्लूटूथ बंद केलं, नाहीतर हेडफोन परत तिकडेच पळाले असते. हेडफोनचं बटण निळा-लाल दिवा लागेपर्यंत दाबून धरलं. डबीचंही दाबलं. दोघांचे दिवे लुकलुकले, लुकलुकले आणि स्थिर झाले.

बाबांचे डोळे मोठे झाले. "कोण बाई बोलली आत?"

"हेडफोनवाली. जोडलं गेलं म्हणून सांगतेय."

"बरं झालं सांगितलं. नाहीतर तुझ्या आईला काय उत्तर देणार होतो वर गेल्यावर."

मी खात्री करायला हेडफोन स्वतः घातले. जंगलाचा कार्यक्रम चालू होता. हत्ती, नदी, मागून बोलणारा एक भारदस्त आवाज. स्वच्छ ऐकू येत होतं. मी बाबांच्या डोक्यावर हेडफोन चढवले आणि बुधवारी सकाळी घरी येऊन दार लावून झोपले.

अकरा वाजून पाच मिनिटांनी भिंत पडली असं वाटलं. बासष्टचा आकडा, संपूर्ण. मी तशीच बाहेर धावले. आत्या हातात वायर घेऊन उभी.

"मला ऐकूच येत नव्हतं काही!" आत्या म्हणाली. "दादा आपला हसतोय, मान डोलावतोय, आणि मी मुक्यांचा बाजार बघत बसलेय. मग मी ती वायर उपटली."

"अगं आत्या, त्या भोकात वायर घातली की टीव्हीचे स्पीकर बंद होतात. तो टीव्हीचा स्वभाव आहे."

"मग स्वभाव बदल ना त्याचा! मी काय बहिरी नाहीये, मला का शिक्षा?"

"मीही बहिरा नाही," बाबा गरजले.

मी वायर परत घातली. आत्या रुसून गेली. एक अडचण होती ती दोन झाल्या. आणि तासाभरात परत बासष्ट. या वेळी वायर बाबांनी स्वतः काढली होती. हेडफोन मांडीवर.

"आता काय झालं?"

"ओठ आधी येतात, आवाज मागून येतो."

"काहीतरीच."

"काहीतरी नाही. माणूस बोलून मोकळा होतो आणि मग मला ऐकू येतं. डोकं दुखतं माझं."

"बाबा, मी स्वतः ऐकलंय. छान चालतंय. तुम्हाला नवं काही चालतच नाही. श्रवणयंत्र नको, हेडफोन नको, नुसतं बोंबलणं हवंय."

"मी खोटं बोलतो का?"

"मग मी बोलते का? मला झोप नाही बाबा! दोन वर्षं नाही! मी परवा एका माणसाला मारणार होते, कळतंय का तुम्हाला?"

तोंडून गेलं ते गेलं. मग सगळंच गेलं. पंप, ब्रदर, मेट्रन बाई, हॉस्टेलची खाट, शनिवार. बाबा माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते, जसे ते नेहमी बघतात. मी संपवलं. ते उठले, टीव्हीचा आवाज शून्यावर आणला आणि परत खुर्चीत बसले.

"जा. झोप," ते म्हणाले. हळू आवाजात. त्यांना हळू बोलता येतं हे मी विसरले होते.

मी झोपले. लाज बाजूला ठेवून सांगते, गुरुवारीही झोपले, घरात चिटपाखरू नसल्यासारखी. शुक्रवारी सकाळी घरी आले तेव्हाही आवाज शून्यच होता. मी पाणी प्यायला बाहेर आले. बाबा मुक्या टीव्हीसमोर बसले होते. बातम्या चालू. खाली धावणाऱ्या पट्ट्या त्यांना चष्मा लावूनही वाचता येत नाहीत. मी म्हटलं, हे काय बघताय?

"मंत्री म्हणतोय रस्ते पावसाळ्याआधी होतील. तोंडावरून दिसतंय, त्यालाही पटलेलं नाही."

मी टीव्हीकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे. "तुम्हाला कसं कळलं?"

"ओठांवरून." जणू मी विचारलं की डाळ कशाची असते. "शेडमध्ये कोणाला ऐकू यायचं? दोनशे माग! आम्ही सगळे असेच बोलायचो. या टोकावरून त्या टोकाला. बायका तर मालकाला तोंडावर शिव्या द्यायच्या, आवाज न काढता, आणि तो हसून मान डोलवायचा." ते जरा थांबले. "निम्मं कळतं नुसत्या ओठांवरून. बाकीचं निम्मं कानातून घेतो. दोन्ही मिळून पुरं होतं. त्या तुझ्या डबीने माझ्याकडे दोन माणसं बसवली. एक दिसतं ते बोलतं, दुसरं ऐकू येतं ते बोलतं. कोणाचं ऐकू?"

मी तिथेच जमिनीवर बसले. दोन वर्षं मी भिंतीमागून या माणसाला शिव्या घातल्या होत्या. आणि लहानपणापासूनच्या कितीतरी गोष्टी आपोआप जागेवर बसल्या. मी पाठमोरी बोलले की ते उत्तर द्यायचे नाहीत. दिवे गेले की गप्प व्हायचे. दुसऱ्या भाषेतून आवाज चढवलेला सिनेमा लागला की "याचं तोंड एक आणि बोलणं दुसरं" म्हणून चॅनेल बदलायचे, आणि मला वाटायचं म्हाताऱ्याचे नखरे. आणि मी डबीची परीक्षा कशावर घेतली होती? हत्तीवर! हत्तीच्या ओठांवरून काय कळणार मला, कप्पाळ?

मी घड्याळ पाहिलं, पदर खोचला म्हणा किंवा ओढणी आवळली म्हणा, डबी आणि हेडफोनचं खोकं पिशवीत टाकलं आणि निघाले. चौकातल्या त्या थापाड्याकडे नाही. मागच्या गल्लीत टीव्ही दुरुस्त करणारी एक बाई बसते, सगळे तिला मावशी म्हणतात. टेबलावर पोट फाडलेले तीन टीव्ही, कपाळावर भिंग, हातात वायरी जोडायची सोल्डरिंगची सळई.

मी सगळं सांगितलं. मावशीने मध्ये एकदाही "टीव्ही बदला" म्हटलं नाही. तेवढ्यावरच मी तिला जीव दिला असता.

"बरोबर बोलतायत तुमचे बाबा," ती म्हणाली. "आवाज असाच उडत नाही हो हवेतून. डबी त्याची घडी घालते, पाठवते, हेडफोन घडी उलगडतो. या साध्या डबीला त्यात सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. गाणी ऐकायला काय फरक पडतो? पण चित्र थांबत नाही ना आवाजासाठी. तुम्हा-आम्हाला थोडं खटकेल, किंवा कळणारही नाही. ओठ वाचणाऱ्याला तो पाचवा हिस्सा म्हणजे भिंत."

"टीव्हीत आवाज मागेपुढे करायची सोय असते ना?"

"मागे करता येतो. पुढे कसा आणणार? जो अजून आलाच नाही तो आवाज?" तिने हेडफोनचं खोकं भिंगाखाली धरलं आणि मागची मुंगीएवढी अक्षरं वाचली. "हं. हेडफोन चांगला आणलाय तुम्ही. याला 'लो लेटन्सी' येते. म्हणजे झटपट घडीची भाषा. डबीला येत नाही. एकाला येऊन काय उपयोग? दोघांना आली तरच बोलतील, नाहीतर दोघं आपले जुन्या हळू भाषेत."

"ती भाषा येणारी डबी आहे?"

तिने फळीवरून एक काढली. जरा मोठी, पुढे तीन बारीक दिवे. "यात सेकंदाचा पंचविसावा हिस्सा. हा तिसरा दिवा लागला की समजायचं, दोघं झटपट बोलतायत. आणि ऐका, तुमच्या आत्याचाही जीव शांत होईल. हेडफोनच्या भोकात नाही घालायची. टीव्हीच्या मागे चौकोनी भोक असतं, झडप असलेलं. त्याला प्रकाशाची वायर लागते. त्यातून आवाज काढला की तुमच्या टीव्हीचे स्पीकर बंद होत नाहीत. आत्या स्पीकरवर, बाबा कानात. आवाज कमी-जास्त बाबांनी हेडफोनवर करायचा, रिमोट आत्याचा. मेनूत डिजिटल आवाज 'ऑटो'वर असेल तर 'पीसीएम' करा, म्हणजे आवाज साधा, सुटा येईल. सिनेमाचा गाठोडं बांधलेला आवाज या डबीला सोडवता येत नाही."

मी डबी आणि वायर घेतली आणि एकेक शब्द हातावर पेनाने लिहिला, औषधाचे आकडे लिहिते तसा.

शनिवारी सकाळी साडेआठ. मेट्रन बाईंना दुपारपर्यंत सांगायचं होतं. बाबा टीव्ही भिंतीपासून पुढे ओढून तयार होते, हातात टॉर्च, शर्टाच्या बाह्या वर.

"वायर मी घालणार," ते म्हणाले. "एकतीस वर्षं यंत्रं जोडलीत. तू सुया टोच."

मी त्यांना घालू दिली. दोन्ही टोकं, एक टीव्हीत, एक डबीत. वीज दिली. हेडफोन जोडले. हेडफोनवाली बाई बोलली. तिसरा दिवा लागला! मी बाबांकडे पाहिलं.

"काही नाही," बाबा म्हणाले.

मेनू. डिजिटल आवाज, 'ऑटो'. 'पीसीएम' केलं. "आता?"

"बाई बोलली तेवढीच. पुढे शांतता."

टीव्ही बंद करून सुरू केला. डबी काढून घातली. साडेनऊ वाजले. दहा वाजले. आदल्या दिवशीच्या झोपेचा साठा संपत आला होता आणि माझा संयम तर कधीच संपला होता. मी टीव्हीला लाथ घालणार होते, बाबांनी पाय धरला. "यंत्राला लाथ मारणारा फिटर नव्हे."

मी मावशीला फोन लावला. "मावशी, तुमचीही डबी फसवी निघाली."

"दिवा कोणता लागलाय?"

"तिसरा."

"मग डबी आणि हेडफोन यांचं जमलंय. टीव्हीकडून आवाजच येत नाहीये. वायरचं डबीकडचं टोक काढा. लाल उजेड दिसतो का टोकाला?"

मी काढलं. तळहातावर धरलं. "नाही."

"मग टीव्हीकडचं काढा. आणि भोकाकडे बघा."

बाबांनी टॉर्च धरला. मी टोक ओढलं, ते सहज हातात आलं, अजिबात घट्ट नव्हतं. आणि मागच्या काळ्या भोकात, झडपेच्या फटीतून, एक लालभडक ठिणगी दिसली.

"भोकात आहे लाल!"

"मग वायरच्या टोकावर प्लास्टिकचं टोपण राहिलंय का बघा. पारदर्शक असतं, दिसत नाही पटकन."

होतं. दोन्ही टोकांना होतं. मी बाबांकडे पाहिलं.

"तुम्ही हे काढलं नाही?"

"काढलेलं होतं एकाचं. मी परत बसवलं," बाबा शांतपणे म्हणाले. "गार्ड काढून यंत्र चालवायचं नसतं."

"बाबा!"

"काय बाबा? पट्ट्याचं गार्ड काढून चालवलं म्हणून माझ्यासमोर एकाची तीन बोटं गेली. त्या दिवसापासून मी कोणाला गार्डला हात लावू दिला नाही. शेडमध्ये विचार कोणालाही."

फोनवर मावशी हसत सुटली होती. "सांगा त्यांना, हे गार्ड नाही, पेनाचं टोपण आहे. टोपण लावून कोण लिहितं?"

मी सांगितलं. बाबांनी विचार केला. दोन्ही टोपणं काढली, रुमालात गुंडाळली आणि खिशात ठेवली, टाकली नाहीत. मग टोक भोकात घातलं. खट्. या वेळी वायर घट्ट बसली. दुसरं टोक, तळहातावर लाल ठिपका पडलेला बघून, डबीत. खट्.

बाबा जाऊन खुर्चीत बसले.

मी त्यांच्यासमोर उभी राहिले. "काय? येतंय?"

त्यांनी हाताने मला बाजूला केलं. मी टीव्हीच्या मध्ये आले होते. बातम्या देणारी बाई बोलत होती. बाबा तिच्या तोंडाकडे बघत होते. मग त्यांनी डोळे मिटले. नुसतं ऐकलं. डोळे उघडले. परत मिटले, परत उघडले. मागाचा पट्टा तपासताना ते असेच करायचे म्हणे, एकदा हाताने, एकदा डोळ्याने.

"एकच बाई आहे," ते म्हणाले. "एकच."

मला रडू आलं आणि रागही आला, कारण हे मंगळवारी होऊ शकलं असतं, सगळ्या सारख्याच असतात असं एका माणसाने तोंड वर करून म्हटलं नसतं तर. पण राग फार वेळ टिकला नाही. आत काहीतरी सैल झालं, जसं पेशंटचा श्वास सुरळीत होतो आणि मॉनिटर बोंबलायचा थांबतो तेव्हा होतं.

आत्या अकराला आली, फुगलेल्या गालांनी. रिमोट तिच्या हातात दिला. आवाज चौदा. स्पीकर चालू. बाबांच्या कानात हेडफोन.

"मला ऐकू येतंय की गं!" आत्या म्हणाली. "दादा, तुला?"

"तुझ्यापेक्षा जास्त! ती सून आता रडणार बघ, ओठ थरथरतायत!"

"सांगू नको ना आधी!"

मी आत जाऊन मेट्रन बाईंना फोन केला.

"हॉस्टेलची खाट दुसऱ्या कोणाला तरी द्या," मी म्हटलं.

"आणि झोप?"

"आत्ता चाललेय."

"नक्की? परत वॉर्डात पेंगताना दिसलीस तर बघ."

"वॉर्डात बारा आणि एक पॉइंट दोन यांतला फरक दुरून ओळखेन, बाई."

मग त्या म्हणाल्या, "झोप जा. सातला ये. आणि जेवून ये."

दार लावलं. भिंतीपलीकडून चौदाचा आवाज येत होता, म्हणजे खरं तर येत नव्हता, आत्याचं हसणं तेवढं अधूनमधून. मला वाटलं आता झोप लागायला वेळ लागेल, इतक्या दिवसांचा धसका आहे. वेळ लागला नाही.

जागी झाले ती दचकून. खोलीत संध्याकाळचा पिवळा उजेड. साडेपाच. सहा तास! घर अगदी शांत. बाबा पडले की काय, दूध, गॅस, काय झालं? अनवाणीच बाहेर धावले.

बाबा खुर्चीत बसलेले. हेडफोन कानांवर. कुठल्याशा जुन्या सिनेमातला माणूस काहीतरी बोलला आणि बाबा पोट धरून हसले. मग त्यांना मी दिसले. आणि कानात सिनेमा भरलेला माणूस जेवढ्या मोठ्याने बोलतो तेवढ्या मोठ्याने, खालच्या मजल्यापर्यंत जाईल असे ते ओरडले,

"अगं, अजून तासभर आहे! झोप ना! मी अजिबात आवाज करत नाहीये!"

खालच्या मजल्यावरची खिडकी धाडकन लागली. मी हसत दाराला टेकले, ओठ नीट हलवत, आवाज न काढता म्हटलं, "बरं."

त्यांना कळलं. मी परत जाऊन पडले.